नॉमिनी मोठा की वारस? दिराच्या नावावरची एफडी आणि सासूबाईंच्या नावावरची पॉलिसी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे उतरवून ठेवतोय. काही वाक्यं बोलताना जशी आली तशीच ठेवली आहेत, तेवढं चालवून घ्या.

एका श्रोत्या ताईंचा निरोप आला होता. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, पण प्रश्न त्यांचाच आहे. त्या लिहितात, "यजमानांना जाऊन दोन महिने झाले. बँकेत त्यांची बारा लाखांची एफडी आहे, तिच्यावर नॉमिनी म्हणून धाकट्या दिरांचं नाव. वीस लाखांची विमा पॉलिसी आहे, तिच्यावर सासूबाईंचं. दोन्ही आमच्या लग्नाआधीचं. मृत्युपत्र काही नाही. दीर म्हणतात, वहिनी, दादानं माझं नाव लावलंय म्हणजे ते मलाच दिलंय. बँकेतले साहेबही म्हणाले, पैसे नॉमिनीलाच मिळणार. मग मला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीला काहीच नाही का?"

आता यातली गंमत अशी की बँकेतले साहेब खोटं बोलत नाहीयेत. पैसे खरंच दिरांच्या हातात जाणार आहेत. पण दिरांचं म्हणणं चुकीचं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, एवढं कळलं की अर्धा विषय संपला.

पैसे घेणारा वेगळा, मालक वेगळा

बघा, माणूस गेला की बँकेपुढे एक साधी अडचण असते. आता हे पैसे कुणाच्या हातात द्यायचे? घरात वारस किती, कुणाचा वाटा किती, हे शोधत बसणं बँकेचं काम नाही. म्हणून बँकिंग रेग्युलेशन कायद्याच्या कलम ४५ झेडए मध्ये नॉमिनीची सोय केली. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. पुढे कुणी येऊन बँकेला म्हणू शकत नाही की तुम्ही चुकीच्या माणसाला पैसे दिलेत.

पण मोकळी होते ती बँक, नॉमिनी नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये रामचंदर तलवार यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही. मालकी ठरते ती मृत्युपत्रानं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यानं. शेअर्सच्या बाबतीतही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं.

सोप्या भाषेत, नॉमिनी म्हणजे पार्सल घेणारा शेजारी. कुरिअरवाल्यानं सही घेतली, त्याचं काम संपलं. पण पार्सल शेजाऱ्याचं होत नाही, ज्याचं आहे त्याला ते द्यावंच लागतं.

बारा लाखांचा हिशेब

हे कुटुंब हिंदू आहे आणि मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू वारसा कायद्याचं कलम ८ लागतं. पुरुष गेला तर पहिल्या वर्गातले वारस आधी येतात. आपल्या प्रकरणात ते तीन आहेत: पत्नी, मुलगी आणि आई. तिघींचा वाटा सारखा. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो, आणि पहिल्या वर्गात एक जरी वारस हयात असला तरी दुसऱ्या वर्गापर्यंत गोष्ट जातच नाही.

म्हणजे बारा लाखांचे चार लाख ताईंचे, चार लाख मुलीचे, चार लाख सासूबाईंचे. दिरांचा वाटा शून्य. ते पैसे उचलतील, पण या तिघींसाठी. (मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबात वारस आणि वाटे वेगळे निघतात. नॉमिनी मालक नाही, हे मात्र तिथेही तसंच.)

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण लोक इथेच चुकतात. ताईंनी बँकेला अर्ज दिला की "दिरांना पैसे देऊ नका, मी पत्नी आहे", तर बँक थांबायला बांधील नाही. कलम ४५ झेडबी म्हणतं की दुसऱ्या कुणाच्या दाव्याची नोटीस बँकेवर बंधनकारक नाही. बँकेला बांधतो तो न्यायालयाचा हुकूम. त्यामुळे ताई महिनाभर शाखेत खेटे घालत बसल्या, तर तोवर पैसे गेलेले असतील. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेला क्लेम निकाली काढायचा असतो. नॉमिनी असेल तर क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढंच पुरतं.

म्हणून दीर वाटा द्यायला तयार नाहीत हे दिसतंय, तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे लगेच करायचं. मनाई मिळाली की तिची प्रत शाखेत देऊन पोच घ्यायची. पैसे आधीच गेले असतील तर हक्क संपत नाही, पण मग दावा दिरांवर करावा लागतो, बँकेवर नाही. आणि दिरांनी तोवर ते खर्च केले असतील तर वसुली किती अवघड होते ते मी वेगळं सांगायला नको.

विम्याचं गणित वेगळं आहे

आता पॉलिसी. इथे १९८३ सालचा सरबती देवी यांचा निकाल बरीच वर्षं चालला. त्यातही हेच होतं, नॉमिनी फक्त पैसे घेणारा. पण २०१५ मध्ये विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये दुरुस्ती झाली. स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीवर माणसानं आईवडील, पती किंवा पत्नी, किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं, तर त्या नॉमिनीला ती रक्कम लाभार्थी म्हणून मिळते. म्हणजे नुसती स्वीकारायला नाही, स्वतःसाठी.

या यादीत भाऊ नाही, बहीण नाही, पुतण्या नाही. तेव्हा पॉलिसीवर दिरांचं नाव असतं, तर वीस लाखांचेही एफडीसारखे तीन वाटे झाले असते. पण नाव आईचं आहे. मग सगळे वीस लाख सासूबाईंचे?

कायद्याचे शब्द वाचले तर हो. सासूबाई तसंच म्हणणार, आणि काही उच्च न्यायालयांनी हा अर्थ मान्यही केलाय. पण कर्नाटक उच्च न्यायालयासमोर अगदी असंच प्रकरण आलं होतं. मुलानं लग्नाआधी आईला नॉमिनी केलं, मग लग्न झालं, मूल झालं, नाव बदलायचं राहिलं, आणि तो गेला. २०२५ मध्ये न्यायालयानं म्हटलं की वारसांनी हक्क सांगितला तर नॉमिनीला वारसा कायद्यापुढे माघार घ्यावी लागते. आई, पत्नी, मूल, तिघांना एकेक वाटा. हा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण ताईंच्या वकिलाला तो नक्कीच मांडता येईल. म्हणून माझं म्हणणं असं: एफडीत ताईंची बाजू भक्कम आहे, पॉलिसीत ती वादाची आहे. समझोत्याला बसताना हा फरक डोक्यात ठेवूनच बसावं.

विमा कंपनीला मात्र वाद लेखी कळवून ठेवा. दोन बाजूंचे दावे आले आणि कुणाला द्यावं हे ठरेना, तर कलम ४७ खाली कंपनी रक्कम न्यायालयात भरू शकते. तसं झालं तर निदान पैसे सुरक्षित राहतात.

मग शेवटचा शब्द कुठल्या कागदाचा?

लोक विचारतात, "सक्सेशन सर्टिफिकेट काढलं की झालं ना?" नाही हो. भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं हे प्रमाणपत्र मृत व्यक्तीचं येणं वसूल करायला असतं. माणूस जिथे राहत होता तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा, वारसांची नावं आणि रकमांची यादी द्यायची, नोटीस निघते, हरकत आली तर सुनावणी होते. ते दाखवलं की बँक निर्धास्त पैसे देते. पण ही चौकशी थोडक्यात उरकलेली असते. त्याच कायद्याचं कलम ३८७ सांगतं की तोच प्रश्न पुढे दिवाणी दाव्यात पुन्हा काढता येतो. म्हणजे प्रमाणपत्रवालाही एका अर्थी पार्सल घेणाराच, फक्त न्यायालयानं नेमलेला.

तेव्हा उतरंड अशी लागते. नॉमिनेशन सांगतं, बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे. सक्सेशन सर्टिफिकेटही तेच सांगतं, फक्त जास्त वजनानं. मालक कोण ते सांगतं वैध मृत्युपत्र, आणि ते नसेल तर वारसा कायदा. आणि त्यावरही भांडण असेल तर दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा. तोच खरा निकाल लावणारा कागद.

मृत्युपत्राबद्दल एक बारकावा. बँकेतलं नॉमिनेशन मृत्युपत्रानं बदलत नाही. बँक नॉमिनीलाच पैसे देईल, आणि मृत्युपत्रातला माणूस ते नॉमिनीकडून मागेल. विम्याचं नॉमिनेशन मात्र मृत्युपत्रानं रद्द करता किंवा बदलता येतं. पण कंपनीला ते लेखी कळवलेलं नसेल आणि तिनं जुन्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले, तर कंपनीवर जबाबदारी येत नाही. म्हणजे मृत्युपत्र कपाटात आणि जुनं नाव पॉलिसीवर, ही जोडी घातक.

ताईंना मी काय कळवलं

पहिलं म्हणजे एफडीची पावती, पॉलिसीची प्रत, मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला एका फाईलमध्ये लावा. दुसरं, सासूबाईंशी आधी बोला. एफडीत त्यांचाही वाटा आहे, म्हणजे तिथे तुम्ही दोघी एकाच बाजूला आहात, आणि हे त्यांना कदाचित कुणी सांगितलेलंच नसेल. दीर लेखी द्यायला तयार असतील तर वाटे कागदावर उतरवून घ्या. तयार नसतील तर क्लेमचे पैसे निघायच्या आत मनाईचा अर्ज.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. सासूबाईंना खरंच माहीत नव्हतं. "म्हणजे यात माझेही चार लाख आहेत?" असं त्या म्हणाल्या म्हणे. एफडीचं बोलणं आता सुरू झालंय. पॉलिसीचं अजून नाही.

तुम्ही आज एवढंच करा. लग्नाआधी उघडलेलं खातं, एफडी किंवा पॉलिसी असेल तर तिच्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण ते टक्केसुद्धा पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच सांगतात. मालक कोण हे सांगायचं असेल, तर दोन साक्षीदारांच्या सहीचं मृत्युपत्र करा आणि त्यातली नावं नॉमिनीशी जुळवून ठेवा.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा. भेटू पुढच्या भागात.