विहिरीचं पाणी आणि तीन शिखरं

विहिरीचं पाणी नितळ दिसतं, चवीलाही गोड लागतं आणि तरीही ते तान्ह्या बाळाला पाजण्याजोगं नसतं, असं घडू शकतं. कारण नायट्रेटला ना रंग, ना वास. शेतातला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा यांतून ते झिरपतं, आणि माती त्याला धरून ठेवत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर क्लोराइडला २५० वरून १००० पर्यंत आणि सल्फेटला २०० वरून ४०० पर्यंत सवलत मिळते. नायट्रेटला मिळत नाही.

हे तिन्ही आयन एकाच नमुन्यात, पंधराएक मिनिटांत मोजता येतात ते आयन क्रोमॅटोग्राफीने. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं आणि त्यातले जेमतेम २५ मायक्रोलिटर यंत्रात सोडायचे. तिथे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचं अगदी पातळ द्रावण सतत वाहत असतं. यालाच इल्यूएंट म्हणतात. ते नमुन्याला एका बारीक कॉलममधून पुढे रेटतं. कॉलममध्ये धनभारित रेझिनचे कण ठासून भरलेले असतात. पाण्यातले ऋण आयन त्यांना चिकटतात, इल्यूएंटमधला कार्बोनेट त्यांना ढकलून जागा घेतो, ते पुढे सरकून पुन्हा चिकटतात. क्लोराइडची पकड सैल, म्हणून तो लवकर सुटतो. नायट्रेट त्यानंतर येतो. सल्फेटवर दुहेरी भार असल्याने तो शेवटी निघतो. नेहमीच्या एखाद्या कॉलमवर हे अंदाजे चौथ्या, सातव्या आणि अकराव्या मिनिटाला घडतं.

बाहेर पडणारा आयन ओळखायचा तो विद्युतवाहकतेवरून. अडचण अशी, की इल्यूएंट स्वतःच विजेचा चांगला वाहक आहे. शेकडो मायक्रोसीमेन्सच्या त्या गोंगाटात नमुन्यातल्या थोड्याशा नायट्रेटची खूण बुडून जाते. डाऊ केमिकलमधल्या हॅमिश स्मॉल, टिमथी स्टीव्हन्स आणि विल्यम बाउमन यांनी १९७५ साली यावर उपाय प्रसिद्ध केला: कॉलम आणि वाहकतामापकाच्या मध्ये सप्रेसर. सुरुवातीला तो आम्लाने पुन्हा ताजा करावा लागणारा रेझिनचा दुसरा कॉलम होता. आज बहुधा पातळ पडद्यांचा असतो आणि लागणारे हायड्रोजन आयन विजेच्या साह्याने पाण्यातूनच तयार करतो.

सप्रेसर करतो एवढंच, की सोडियम काढून त्याच्या जागी हायड्रोजन बसवतो. त्यामुळे इल्यूएंटचं कार्बोनिक आम्ल होतं. ते फारच कमी आयनांत मोडतं आणि पार्श्वभूमीची वाहकता वीसेक मायक्रोसीमेन्सवर घसरते. क्लोराइडचं मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, नायट्रेटचं नायट्रिक, आणि ही आम्लं पूर्णपणे आयनांत विभागलेली राहतात. त्यातला हायड्रोजन आयन सोडियमच्या जवळपास सातपट वीज वाहतो. म्हणजे पार्श्वभूमी खाली येते आणि शिखर उंचावतं, दोन्ही एकाच पायरीत. एका साध्या अदलाबदलीतून एवढं साधणं फारच सुंदर आहे.

समजा, एका विहिरीचा नमुना दहापट पातळ करून यंत्रात सोडला. नायट्रेटच्या जागी शिखराखालचं क्षेत्रफळ १.७३ आलं. ज्ञात द्रावणांच्या आलेखावर दर मिलिग्रॅममागे क्षेत्रफळ ०.२४ आहे. भागाकार ७.२, आणि पातळ केल्याचा दहाने गुणाकार केल्यावर लिटरला ७२ मिलिग्रॅम. पाणी मर्यादेबाहेर. त्यासोबत क्लोराइडचं शिखरही शेजारच्या विहिरींपेक्षा बरंच मोठं असेल, तर संशय शोषखड्ड्याकडे जातो, कारण मलमूत्रासोबत मीठही येतं. एकट्या युरियातून क्लोराइड येत नाही. हा पुरावा नव्हे, पण पुढे कुठे पाहायचं ते कळतं.

यंत्राने शिखरावर नाव छापलं म्हणून ते खरंच असतं असं नाही. ते फक्त वेळेवरून ठरतं. नायट्रेटच्या अगोदर ब्रोमाइड येतो, आणि जुन्या कॉलमवर दोन्ही एकमेकांत मिसळू शकतात. खात्री करायची तर त्याच नमुन्यात मोजून थोडं नायट्रेट घालायचं आणि पुन्हा चालवायचं: तेच शिखर, खांदा न फुटता, घातल्याच्या प्रमाणात वाढलं पाहिजे. सल्फेट एकाएकी उशिरा येऊ लागला आणि क्लोराइड मात्र जवळपास जागेवर राहिला, तर इल्यूएंट पातळ बनलंय असं समजावं. दुहेरी भारामुळे सल्फेटला तो फरक जास्त जाणवतो. पार्श्वभूमी वीसवरून वर चढू लागली, तर आधी सप्रेसर तपासावा.

नमुना गार ठेवून ४८ तासांत तपासावा लागतो, कारण बाटलीतले जिवाणू नायट्रेट घटवू किंवा वाढवू शकतात. अहवाल हाती आला, की आकड्यापुढचं एकक पाहायचं. काही प्रयोगशाळा नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ लिहितात. वरच्या विहिरीचे ७२ तिथे १६.३ दिसतील, आणि ४५ शी तुलना केली तर पाणी चांगलं वाटेल, १६.३ ला ४.४३ ने गुणायला हवं. असं पाणी उकळूनही भागत नाही. वाफ निघून जाते, नायट्रेट भांड्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.