कॅपची कड आणि हिरडीची हद्द

कॅप बसवून वर्ष-दीड वर्ष होतं आणि मग काहींच्या लक्षात येतं, की कॅप छान शाबूत आहे, पण तिच्याभोवतीची हिरडी लालसर-निळसर दिसतेय. ती फुगलेली आहे आणि ब्रश लागला की रक्त येतं. शेजारच्या दातांची हिरडी मात्र गुलाबी, घट्ट. आपलंच ब्रश करणं कमी पडतंय असं समजून लोक माउथवॉश बदलतात, टूथपेस्ट बदलतात. अस्वच्छता हे कारण असू शकतं. पण लाली नेमकी एकाच कॅपभोवती असेल, तर कॅपची कड दाताच्या कोणत्या जागी थांबली आहे, हे आधी पाहायला हवं.

कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासतात. तासणं जिथे संपतं, तिथे दाताभोवती एक बारीक पायरी उरते. तिला फिनिश लाइन म्हणतात. कॅपची कड याच पायरीवर येऊन टेकते, आणि कॅप कितीही काटेकोर बनवली तरी या सांध्यात सूक्ष्म फट राहतेच. मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर 120 मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानली जाऊ लागली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा डोळ्याला हे अंतर नगण्यच वाटेल. जिवाणू मात्र साधारण एका मायक्रॉनचे असतात. त्यांच्यासाठी ही फट ऐसपैस जागा आहे, म्हणून ती ब्रश पोहोचेल अशा ठिकाणी असलेली बरी.

मग कड हिरडीच्या वरच का ठेवत नाहीत? मागच्या दाढांना ठेवतात, आणि ठेवावीच. पुढच्या दातांना मात्र सांधा दिसू नये म्हणून ती हिरडीच्या आत सरकवली जाते. कधी दात हिरडीखालीच तुटलेला किंवा किडलेला असतो, तेव्हा तर पर्यायच उरत नाही. पूर्वी कड आत लपवली की तिथे कीड लागणार नाही, असंही मानलं जाई. पुढच्या अभ्यासांनी हा समज मोडला. न्यूकोम्ब यांनी 1974 मध्ये दाखवलं, की हिरडीखालची कड खाचेच्या तळाच्या जितकी जवळ, तितकी हिरडीची सूज जास्त.

ही खाच म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली उथळ मोकळी जागा. तिच्या तळाशी हिरडी दाताला चिकटलेली असते. गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी शवविच्छेदनातल्या जबड्यांवर या भागाची मापं घेऊन ती 1961 मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी खाच 0.69 मिलिमीटर खोल, आणि तिच्याखाली हाडापर्यंत चिकटलेला पट्टा सुमारे 2 मिलिमीटरचा. हा पट्टा तोंडातल्या जिवाणूंना हाडापासून दूर ठेवतो. कॅपची कड त्यात घुसली की शरीर गप्प बसत नाही. हिरडी पातळ असेल तर ती हाडासह मागे हटते आणि कड उघडी पडते. जाड असेल तर सुजून लाल राहते. म्हणून कड आत घ्यायचीच असेल, तर ती हिरडीच्या काठापासून अर्धा मिलिमीटरच आत ठेवावी आणि हाडापासून सुमारे 3 मिलिमीटर दूर राहावी, असा संकेत आहे.

आता अडचण अशी, की हिरडीआड गेलेली ही पायरी मापात उतरवायची कशी? मापाचा रबरासारखा पदार्थ ओल्या, मिटलेल्या खाचेत शिरत नाही, आणि डिजिटल स्कॅनरच्या कॅमेऱ्यालाही हिरडीपलीकडचं दिसत नाही. इथे कामाला येतो सुती दोरा, म्हणजे रिट्रॅक्शन कॉर्ड. तो तीन शून्यांपासून तीनपर्यंतच्या जाडीत मिळतो. डॉक्टर तो बहुधा ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवतात, त्यामुळे रक्त आणि स्राव थांबतो. मग बोथट, पातळ हत्याराने दोरा दाताभोवती हलक्या हाताने खाचेत बसवत नेतात. रेटा थेट खाली न देता दाताकडे आणि आधी बसलेल्या दोऱ्याच्या दिशेने थोडा तिरका द्यायचा, म्हणजे बसलेला भाग पुन्हा वर येत नाही. पाचेक मिनिटांत हिरडी बाजूला सरते.

खाच थोडी खोल असेल तर बरेच डॉक्टर दोन दोरे वापरतात. तळाशी बारीक, त्यावर जाड. माप घेताना वरचा काढतात, खालचा तसाच ठेवतात. वरचा दोरा कोरडा असताना ओढला तर तो हिरडीच्या आतल्या अस्तराला चिकटून ते सोलवटतो आणि रक्त सुरू होतं, म्हणून आधी तो पाण्याने ओला करायचा असतो. दोरा निघाला की खाच काही सेकंदांतच मिटू लागते. तेवढ्यात तिथे निदान 0.2 मिलिमीटर रुंदीचा पदार्थ शिरावा लागतो. त्याहून पातळ पापुद्रा फाटतो किंवा वाकतो, आणि लॅबमधल्या टेक्निशियनला कड कुठे संपते ते अंदाजाने ठरवावं लागतं. आखूड किंवा बाहेर डोकावणारी कॅप अशीच तयार होते.

दोऱ्यानेही इजा होते. जोर लावून कोंबला तर पातळ हिरडी कायमची थोडी खाली सरकू शकते. खालचा दोरा काढायचा राहून गेला, तर काही दिवसांत तिथे सूज आणि पू होतो. काही दोऱ्यांत ॲड्रेनलिन असतं, त्याने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ते आधीच सांगावं.

दवाखान्यात नेहमी आढळणारं एक उदाहरण बघू. पुढचा वरचा दात पडून तिरका तुटला. एका बाजूला तुटलेली कड हिरडीखाली दीड मिलिमीटर गेली आणि कॅप तिथपर्यंत नेऊन बसवली. वर्षभरात फक्त त्याच बाजूला हिरडी लाल झाली. दात साफ करून घेतले तरी फरक पडला नाही. डॉक्टरांनी जागा बधिर करून खुणांची सळी हिरडीतून हाडाला टेकवली, तेव्हा कॅपच्या कडेपासून हाड दीड मिलिमीटरवर निघालं. तीन हवेत, म्हणजे दीड कमी पडले. कॅप बदलून तशीच खोल बसवली असती तर आजार तसाच राहिला असता. हाड तासून अंतर वाढवता येतं, पण पुढच्या दाताला तसं केलं तर तो शेजारच्यापेक्षा लांब दिसतो. अशा वेळी मुळाची लांबी पुरेशी असेल तर हलक्या तारेने दात काही आठवड्यांत थोडा खाली ओढून घेतात. हाड आणि हिरडी त्याच्यामागे येऊ नयेत म्हणून हिरडीचे तंतू अधूनमधून छेदतात, दात त्या जागी स्थिरावू देतात आणि नंतरच नवी कॅप बसवतात.

हे सगळं टाळण्याची सर्वांत सोपी वेळ म्हणजे कॅप पक्की चिकटवण्यापूर्वीची भेट. त्या दिवशी डॉक्टरांकडून कडेवरून फ्लॉस फिरवून घ्या. तो अडकला, पिंजला किंवा हिरडी दुखली, तर पुन्हा माप घ्यायला सांगायला संकोचू नका.