पन्नास हजारांचा ताळा

क्रिप्टो एक्स्चेंजवर खाते असलेली बरीच माणसे वर्षअखेरीला सोपा हिशेब करतात. बँकेतून पन्नास हजार गेले, चाळीस हजार परत आले, म्हणजे दहा हजारांचा तोटा. हा हिशेब चुकीचा आहे. त्यावर विसंबून विवरणपत्र भरले, तर नफा झालेला असूनही तो दाखवायचा राहून जातो. खरा हिशेब बँकेच्या पासबुकात नसतो. तो एक्स्चेंजच्या खातेउताऱ्यात असतो आणि तो उतारा ओळीओळीने वाचावा लागतो.

समजा, एका खातेदाराने २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतीय एक्स्चेंजवर मोजकेच व्यवहार केले. फीचे दर एक्स्चेंजगणिक वेगळे असतात आणि इथले आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण ओळींचा घाट सगळीकडे साधारण असाच असतो.

```
2024-05-06 04:40  Deposit     INR  +50000.00
2024-05-06 04:52  Buy         ETH  +0.15
2024-05-06 04:52  Buy         INR  -39000.00
2024-05-06 04:52  Fee+GST     INR  -230.10
2024-05-20 13:05  Withdrawal  ETH  -0.05
2024-11-28 09:15  Sell        ETH  -0.10
2024-11-28 09:15  Sell        INR  +30000.00
2024-11-28 09:15  Fee+GST     INR  -177.00
2024-11-28 09:15  TDS         INR  -298.23
2024-11-29 06:30  Withdrawal  INR  -40000.00
```

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : इथे वस्तूची मालकी बदलली, वस्तूची नुसती जागा बदलली, की काहीतरी कायमचे खर्च झाले? पैसे भरणे आणि काढणे यात फक्त जागा बदलते. खरेदी-विक्रीत मालकी बदलते. फी आणि शुल्क हा खर्च. नफा किंवा तोटा ठरतो तो फक्त विक्रीच्या ओळीवर.

पहिली ओळ पैसे भरल्याची. पन्नास हजार बँकेतून निघाले आणि एक्स्चेंजवर रुपयांच्याच रूपात जमा झाले. बँकेच्या उताऱ्यातला यूटीआर क्रमांक आणि एक्स्चेंजवरच्या नोंदीतला क्रमांक एकच आहे ना, एवढे पाहिले की या ओळीचे काम संपले.

पुढच्या तीन ओळी मिळून एकच खरेदी आहे. २,६०,००० रुपये भावाने ०.१५ इथर घेतले, त्याचे ३९,००० रुपये झाले. एक्स्चेंजने अर्धा टक्का फी घेतली, म्हणजे १९५ रुपये, आणि फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये १० पैसे. जीएसटी फक्त फीवर लागतो, खरेदीच्या पूर्ण रकमेवर नाही. आता खात्यात १०,७६९ रुपये ९० पैसे आणि ०.१५ इथर आहे. कधी कधी एकाच ऑर्डरच्या दहा-पंधरा ओळी दिसतात. समोरचे विक्रेते थोडा थोडा माल देतात, तसतशी ऑर्डर तुकड्यांनी पुरी होते. अशा वेळी ऑर्डर क्रमांक पाहून तुकडे एकत्र करावेत, नाहीतर तीच खरेदी दोनदा मोजली जाते.

पाचव्या ओळीशी बहुतेक जण अडखळतात. खातेदाराने ०.०५ इथर स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवले. उताऱ्यात ०.०५ वजा झाले, वॉलेटमध्ये पोहोचले मात्र ०.०४८. मधले ०.००२ एक्स्चेंजने नेटवर्क फी म्हणून कापले. सगळी एक्स्चेंज ही फी वेगळ्या ओळीत दाखवत नाहीत. काही ठिकाणी ती रकमेतच मिसळलेली असते, काही ठिकाणी रकमेवर वेगळी लागते. त्यामुळे ही नोंद उघडून पाठवलेले आणि पोहोचलेले असे दोन्ही आकडे पाहावेत.

या नोंदीत TxID नावाची अक्षरांची आणि आकड्यांची लांब साखळी असते. Etherscan या संकेतस्थळावर ती टाकली की तो व्यवहार इथेरियमच्या सार्वजनिक नोंदवहीत जसा नोंदला गेला तसा दिसतो. तिथे फीचा आकडा वेगळाच निघतो. इथरच्या साध्या हस्तांतराला २१,००० गॅस लागतो. त्या वेळी गॅसचा दर २० ग्वेई असेल, तर खरी फी ०.०००४२ इथर होते. ग्वेई म्हणजे एका इथरचा शंभर कोटीवा भाग. खातेदाराकडून घेतले ०.००२ आणि नेटवर्कला गेले ०.०००४२. बाकीचे एक्स्चेंजकडे राहिले. यात लबाडी नाही. बहुतेक एक्स्चेंज असा ठरावीक दर लावतात आणि तो आपल्या दरपत्रकात लिहितात. पण उताऱ्यातली ‘नेटवर्क फी’ आणि नेटवर्कने प्रत्यक्ष घेतलेली फी एकच असते असे समजू नये. एक्स्चेंज ‘Completed’ म्हणत असेल आणि वॉलेट रिकामे दिसत असेल, तर त्याचा शोधही याच साखळीपासून सुरू करावा. पैसे कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या नेटवर्कवर गेले, ते तिथे कळते.

स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवणे म्हणजे विक्री नव्हे, मालक तोच आहे. पण या ओळीमुळे पुढे घोटाळा होऊ शकतो. तेच ०.०४८ इथर उद्या दुसऱ्या एक्स्चेंजवर आणले, तर त्या उताऱ्यात नुसते ‘Deposit’ दिसेल. त्याची खरेदी किंमत त्या एक्स्चेंजला माहीत नसते. तिथे तयार मिळणारा कर-अहवाल मूळ किंमत शून्य धरू शकतो, आणि मग विक्रीची सगळी रक्कमच नफा म्हणून छापली जाते. म्हणून मूळ खरेदीचा उतारा जपून ठेवावा लागतो.

आता विक्री. ३,००,००० रुपये भावाने ०.१० इथर विकले, ३०,००० रुपये आले. फी १५० रुपये, तिच्यावर जीएसटी २७ रुपये. उरलेल्या २९,८२३ रुपयांवर एक टक्का टीडीएस, म्हणजे २९८ रुपये २३ पैसे. एक्स्चेंजची फी आणि जीएसटी वगळून राहिलेल्या रकमेवर टीडीएस कापायचा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. टीडीएसची ओळ फीच्या शेजारीच छापलेली असते, म्हणून पुष्कळ जण तो खर्च समजून सोडून देतात. तो खर्च नाही. तो आपल्या पॅनवर सरकारकडे जमा झालेला आगाऊ कर आहे. आयकर संकेतस्थळावरच्या फॉर्म २६एएसमध्ये तो दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर उताऱ्यातली ही ओळ दाखवून एक्स्चेंजकडे विचारणा करावी.

शेवटी खातेदाराने ४०,००० रुपये बँकेत काढले. काढण्याचे शुल्क १० रुपये आणि त्यावर जीएसटी १ रुपया ८० पैसे त्याच रकमेतून कापले गेले. बँकेत ३९,९८८ रुपये २० पैसे आले आणि एक्स्चेंजवर २९४ रुपये ६७ पैसे उरले. इथेही यूटीआर जुळवायचा. पासबुकात पैसे पाठवणारा म्हणून कधी एक्स्चेंजऐवजी पेमेंट कंपनीचे नाव येते, तेव्हा नावापेक्षा क्रमांकच खात्रीचा.

हिशेब जुळवताना रुपयांआधी इथर जुळवावे. घेतले ०.१५. विकले ०.१०, वॉलेटमध्ये ०.०४८, फीमध्ये गेले ०.००२. बेरीज ०.१५. ही जुळली नाही, तर एखादी ओळ सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे. ती सापडेपर्यंत रुपयांकडे वळण्यात अर्थ नाही.

मग रुपये. पन्नास हजारांतून बँकेत आलेली आणि एक्स्चेंजवर उरलेली रक्कम वजा केली, तर ९,७१७ रुपये १३ पैसे कमी दिसतात. ते कुठे गेले? वॉलेटमधल्या इथरची खरेदी किंमत १२,४८० रुपये. नेटवर्क फीत गेलेल्या इथरची ५२० रुपये. दोन्ही वेळची फी ३४५ रुपये, तिच्यावरचा जीएसटी ६२ रुपये १० पैसे. टीडीएस २९८ रुपये २३ पैसे. बँकेत काढण्याचे शुल्क ११ रुपये ८० पैसे. एकूण १३,७१७ रुपये १३ पैसे. त्यातून विक्रीचा नफा ४,००० रुपये वजा केला की बरोबर ९,७१७ रुपये १३ पैसे उरतात. पैशापर्यंत ताळा जुळला.

म्हणजे ज्याला दहा हजारांचा तोटा वाटत होता, त्याला विक्रीत चार हजारांचा नफा झाला आहे. २६,००० ला घेतलेले ०.१० इथर ३०,००० ला गेले. अशा नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. अधिभार लागू नसेल तर कर १,२०० रुपये, त्यावर ४ टक्के उपकर ४८ रुपये, एकूण १,२४८. कापलेला टीडीएस वजा जाता ९४९ रुपये ७७ पैसे भरायचे राहतात. कायद्याने नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते. विक्रीची फी, नेटवर्क फी, बँकेत काढण्याचे शुल्क यांची वजावट मिळत नाही. खरेदीच्या वेळची फी मूळ किमतीत धरावी का, याबद्दल सल्लागारांमध्ये एकमत नाही, म्हणून ती वेगळी मांडून आपल्या सीएला दाखवावी. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. एक नाणे देऊन दुसरे घेतले, तरी पहिल्याची विक्री झाली असेच धरले जाते, एक रुपयाही बँकेत आला नसला तरी.

उतारा उतरवून घेतानाही दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, वेळ. पुष्कळ एक्स्चेंजचे उतारे UTC वेळेत असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. उताऱ्यात ३१ मार्च २०२५ च्या १९:१० ला नोंदलेली विक्री आपल्याकडे १ एप्रिलच्या रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी झाली, म्हणजे तिचे आर्थिक वर्षच बदलले. दुसरी, उताऱ्याचा प्रकार. ‘ट्रेड हिस्टरी’मध्ये फक्त खरेदी-विक्री असते. पैसे भरणे, काढणे आणि शुल्क यांच्या नोंदी बहुधा वेगळ्या फायलींमध्ये मिळतात. सगळ्या घेतल्याशिवाय वरचा ताळा जुळत नाही.

या फायली वर्षाकाठी उतरवून स्वतःकडे ठेवाव्यात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर मोठी सायबर चोरी झाली आणि ग्राहकांना पैसे व नाणी काढणे थांबवण्यात आले. एखाद्या एक्स्चेंजवर अशी वेळ आली आणि खात्यात शिरता येईनासे झाले, तर २६एएसमध्ये कापलेला टीडीएस दिसेल, पण ०.१५ इथर कोणत्या भावाने घेतले होते ते तिथे लिहिलेले नसते. खरेदी किंमत सिद्ध करायला तेव्हा आपल्याकडची फाइलच उपयोगी पडते.