व्हर्नियर कॅलिपर व स्क्रू गेज यांच्या वाचनांची तपासणी

भौतिकीच्या प्रात्यक्षिक नोंदवहीत (जर्नलमध्ये) लिहिलेली लांबी, व्यास वा जाडी ही उपकरणावर प्रत्यक्ष दिसलेल्या वाचनावरून योग्य रीतीने काढली आहे की नाही, हे पाहण्याच्या पद्धतीस वाचनांची तपासणी म्हणतात. नागपूर विभागातील उच्च माध्यमिक शाळांत इतर विभागांप्रमाणेच अकरावीच्या विद्यार्थ्यास ही दोन उपकरणे आरंभीच हाताळावी लागतात. फ्रेंच गणिती प्येअर व्हर्नियर यांनी सरकत्या उपपट्टीची कल्पना १६३१ मध्ये प्रसिद्ध केली व झां लॉरां पामर यांनी स्क्रू गेजचे एकस्व १८४८ मध्ये घेतले. दोहोंची रचना निराळी असली, तरी नोंद तपासताना दोन प्रश्न समान असतात : उपकरणाचे लघुतम माप किती आणि त्याची शून्य त्रुटी किती व कोणत्या चिन्हाची.

लघुतम माप : उपकरणावर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान लांबीस लघुतम माप म्हणतात. शाळेतील नेहमीच्या व्हर्नियरवर उपपट्टीचे १० भाग मुख्य पट्टीच्या ९ मिमी. एवढे असतात. त्यामुळे उपपट्टीचा एक भाग मुख्य पट्टीच्या एका भागापेक्षा ०·१ मिमी.ने लहान असतो व तेच लघुतम माप होय. स्क्रू गेजमध्ये एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू जितका पुढे सरकतो त्या अंतराला, म्हणजे पिचला, वर्तुळाकार पट्टीवरील भागांच्या संख्येने भागतात. पिच १ मिमी. व भाग १०० असल्यास लघुतम माप ०·०१ मिमी. येते. पिच ०·५ मिमी. व भाग ५० असले, तरी उत्तर तेच येते.

यावरून पहिली कसोटी मिळते. प्रत्येक वाचन लघुतम मापाच्या पूर्ण पटीत असले पाहिजे. ०·०५ मिमी. लघुतम माप असलेल्या व्हर्नियरचे वाचन १२·७३ मिमी. असे लिहिलेले असेल, तर ते त्या उपकरणावर दिसलेलेच नाही. मात्र अनेक वाचनांच्या सरासरीला ही कसोटी लागू नाही. सरासरीत अधिक अंक येऊ शकतात व ते लघुतम मापापर्यंत पूर्णांकित करावे लागतात.

शून्य त्रुटी : जबडे एकमेकांस टेकलेले असताना वाचन शून्य यावयास हवे. ते तसे नसल्यास दिसणाऱ्या मापास शून्य त्रुटी म्हणतात व ती चिन्हासह वाचनातून वजा करतात. व्हर्नियरचे शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे असेल, तर त्रुटी धन आणि डावीकडे असेल तर ऋण असते. ऋण त्रुटीत चूक हमखास होते. समजा, उपपट्टीचे शून्य डावीकडे आहे आणि तिची सातवी रेषा जुळते. येथे त्रुटी ०·७ मिमी. नसून १० मधून ७ वजा करून आलेले ३ भाग, म्हणजे −०·३ मिमी. आहे. स्क्रू गेजवरही, जबडे टेकले असता संदर्भरेषेसमोर ९६ वा भाग आल्यास स्क्रू शून्याच्या ४ भाग पलीकडे गेलेला असतो व त्रुटी −०·०४ मिमी. असते.

उदाहरण : १२·७० मिमी. (अर्धा इंच) व्यासाची बेअरिंगची पोलादी गोळी घेतली व तिचे वस्तुमान ८·३६ ग्रॅ. आले असे मानू. व्हर्नियरची शून्य त्रुटी +०·४ मिमी. असून गोळीचे वाचन १३·१ मिमी. आहे. त्यावरून व्यास १२·७ मिमी. व घनता सु. ७·८ ग्रॅ./घ. सेंमी. येते. पोलादाची घनता साधारणतः एवढीच असते. विद्यार्थ्याने त्रुटी वजा करण्याऐवजी मिळविली, तर व्यास १३·५ मिमी. होऊन घनता सु. ६·५ येते आणि त्रुटी विचारातच घेतली नाही, तर ती सु. ७·१ येते. दोन्ही चुका घनतेवरून उघड होतात.

आता त्याच गोळीचे स्क्रू गेजवरील वाचन पाहू. शून्य त्रुटी −०·०४ मिमी. आहे आणि वाचन १२·६६ मिमी. आहे. त्रुटी वजा केल्यावर १२·७० मिमी. मिळतात. चिन्ह चुकल्यास व्यास १२·६२ मिमी. व घनता सु. ७·९ येते. ही घनता पोलादासाठी अशक्य वाटत नाही. व्हर्नियरच्या उत्तराशी असलेला ०·०८ मिमी.चा फरकही त्याच्या लघुतम मापाहून कमी आहे. म्हणजे अचूक उपकरणावरील चूक अंतिम उत्तरावरून ओळखता येत नाही. ती ओळखण्यासाठी नोंदवहीत जबडे टेकले असतानाचे मूळ वाचन, ९६ वा भाग, तसेच लिहिलेले असले पाहिजे. केवळ ‘शून्य त्रुटी ०·०४’ एवढीच नोंद असल्यास तपासनीसाला चिन्हाची पडताळणी करण्यास आधार उरत नाही. पुष्कळ वाचनांची सरासरी घेऊनही ही त्रुटी कमी होत नाही, कारण ती प्रत्येक वाचनात सारखीच असते.

मूळ नोंद नसली पण उपकरण हाताशी असले, तर एक स्वतंत्र कसोटी घेता येते. दोन काचपट्ट्यांची जाडी वेगवेगळी व नंतर एकत्र मोजावी. वाचने १·२१, १·२७ व एकत्र २·५२ मिमी. आली, तर पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरे वजा केल्यास −०·०४ मिमी. उरतात. बेरजेत शून्य त्रुटी दोनदा व एकत्र वाचनात एकदा येते, म्हणून उरते ती शून्य त्रुटीच, तीही चिन्हासह. पट्ट्यांमध्ये धूळ वा हवेची फट राहिल्यास मात्र एकत्र वाचन वाढते व त्रुटी प्रत्यक्षापेक्षा अधिक ऋण दिसते.

इतर चुका : स्क्रू गेजच्या मुख्य पट्टीवरील रेषा नुकतीच उघडी पडत असता ती चुकीने मोजली वा सोडली, तर वाचन बरोबर एका पिचने चुकते. बाकीची वाचने १२·६६ च्या आसपास असता एकच १३·६६ आढळल्यास हेच कारण असते. स्क्रू उलटसुलट फिरवल्यास आट्यांतील सैलपणामुळे वाचन बदलते, म्हणून तो एकाच दिशेने फिरवून रॅचेटच्या टकटक आवाजावर थांबवितात.

वाचनांतील तफावतीचे खापर पुष्कळदा उष्णतेवर फोडले जाते. मापनाचे प्रमाण तापमान २०° से. आहे, तर नागपुरात उन्हाळ्यात ४०° से.चा पारा नेहमीचा. पण पोलादी उपकरण व पोलादी गोळी सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. गोळी पितळेची असली, तरी १२·७ मिमी. व्यासात या २०° च्या वाढीने पडणारा फरक सु. ०·००२ मिमी. भरतो, म्हणजे स्क्रू गेजच्या लघुतम मापाचा पाचवा हिस्सा. दोन विद्यार्थ्यांच्या नोंदींत ०·०४ मिमी.चे अंतर असल्यास त्याचे कारण हवामानात न शोधता शून्य त्रुटीच्या चिन्हात प्रथम शोधावे लागते.