ऐन सामन्यात कंट्रोलर डिस्कनेक्ट का होतो?

वायरलेस कंट्रोलर ऐन सामन्यात डिस्कनेक्ट झाला की बहुतेकजण आधी केबल शोधतात. केबल लावली की खेळ पुढे सुरू होतो, पण दोष नेमका कुठे होता ते कळायचं राहून जातं. कारण केबल एकाच वेळी दोन गोष्टी बदलते. कंट्रोलरला बाहेरून वीज मिळू लागते, आणि बहुतेक ठिकाणी बटणांचे संदेशही हवेतून जायचे थांबून तारेतून जाऊ लागतात. बॅटरी थकलेली असो की हवेत अडथळा असो, केबल लावल्यावर दोन्ही तक्रारी सारख्याच गायब होतात. म्हणून केबल शेवटी लावावी. त्याआधी कनेक्शन कसं तुटतं, हे नीट बघून घ्यावं.

तुटण्याच्या तऱ्हा साधारण तीन. पहिलीत आधी लक्षणं दिसतात. दाबलेलं बटण उशिरा लागतं, धावणारा खेळाडू वळवूनही त्याच दिशेला पळत राहतो, आणि मग पडद्यावर कंट्रोलर डिस्कनेक्ट झाल्याची सूचना येते. कंट्रोलरचा दिवा मात्र चालूच असतो किंवा लुकलुकत असतो. हे बहुधा हवेतल्या अडथळ्याचं लक्षण. दुसऱ्या तऱ्हेत कसलीही पूर्वसूचना नसते. दिवा विझतो, कंट्रोलर पूर्ण बंद पडतो, आणि बऱ्याचदा हे जोराचं व्हायब्रेशन सुरू असतानाच घडतं. इथे संशय बॅटरीवर घ्यावा. तिसऱ्यात एकदा गेलेलं कनेक्शन परत येतच नाही. दिवा लुकलुकत राहतो, पण समोरून दाद मिळत नाही. ही गडबड पेअरिंगची.

यातला पहिला प्रकार सगळ्यांत जास्त गोंधळात टाकतो. बहुतेक कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. वाय-फाय, वायरलेस माउस, ब्लूटूथ इअरफोन असे सगळेच त्यात गर्दी करून असतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून झिरपणाऱ्या लहरीही तिथल्याच. या गर्दीतून वाट काढण्यासाठी नेहमीचं ब्लूटूथ एका जागी थांबत नाही. पट्ट्यातल्या ७९ चॅनेलांवर ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं. जिथे वाय-फायची वर्दळ आहे ती चॅनेल ओळखून टाळण्याची युक्तीही त्याच्याकडे आहे. मात्र उड्या मारायला किमान २० चॅनेल तरी त्याला लागतातच.

फ्लॅटमध्ये हे गणित किती ताणलं जातं ते पाहा. वाय-फायचं एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असतं. म्हणजे ब्लूटूथची वीसेक चॅनेल ते एकटंच झाकतं. तुमचा राउटर, समोरच्यांचा आणि वरच्या मजल्यावरचा असे तिघे पट्ट्याच्या तीन वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी जोरात चालू असतील, तर ब्लूटूथला जेमतेम तेवढी वीस चॅनेल मोकळी मिळतात. एरवी त्यावर भागतं, कारण वाय-फाय अखंड बोलत नसतं. तरी टीव्ही, लॅपटॉप आणि गेम कन्सोल राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेले, तर निदान आपल्या घरची गर्दी कमी होते.

पण अडथळ्याचा एक प्रकार असा आहे की त्यापुढे या उड्यांचा उपयोग होत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडे तोच निघाला. तो डेस्कटॉपवर ब्लूटूथ कंट्रोलरने फुटबॉलचा गेम खेळतो. कॉम्प्युटर टेबलाखाली, आणि हा समोरच्या पलंगावर, दोन-अडीच मीटरवर. सामना सुरू होताना सगळं ठीक असायचं, पण मध्येच खेळाडू भरकटायचे आणि कनेक्शन जायचं. त्याने वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं होतं, ड्रायव्हर नवे टाकले होते, बॅटरी पूर्ण चार्ज असायची. एक खूण मात्र त्याच्या लक्षात आली होती: मागे काही डाउनलोड चालू असलं की त्रास वाढतो. साहजिकच त्याने इंटरनेटला दोष दिला.

विंडोजमध्ये `joy.cpl` टाइप करून एंटर दाबलं की गेम कंट्रोलरची छोटी खिडकी उघडते. तिथे आपला कंट्रोलर निवडून Properties उघडलं की एका चौकोनात स्टिकची जागा दाखवणारी फुली दिसते. स्टिक संथपणे गोल फिरवली की फुलीही गोल फिरते. त्याने पलंगावर बसून स्टिक फिरवली तेव्हा फुली सुरळीत फिरत होती. मग इंटरनेट बंद ठेवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक मोठी फाइल कॉपी करायला लावली. लगेच फुली अडखळू लागली. एका कडेला थबकायची आणि एकदम समोरच्या कडेला उडी मारायची. कॉपी थांबवली की पुन्हा सुरळीत. म्हणजे संबंध इंटरनेटशी नव्हता, डिस्कशी होता. त्याची डाउनलोड त्याच डिस्कवर उतरत असत.

कॅबिनेटच्या मागे पाहिल्यावर उलगडा झाला. नखाएवढा ब्लूटूथ डोंगल यूएसबीच्या एका पोर्टमध्ये होता आणि त्याला खेटूनच, निळ्या पट्टीच्या पोर्टमध्ये, हार्ड डिस्कची केबल. निळा रंग बहुधा यूएसबी ३ची खूण असतो. यूएसबी ३ सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती पाठवतं. हा वेग गाठताना केबल, जोड आणि डिस्कचं आवरण यांतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. त्यातल्या मोजणीत यूएसबी ३ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात जवळजवळ शंभर पटीने वाढला होता.

वाय-फाय पट्ट्याचा एखादा भाग अडवतं, त्यामुळे ब्लूटूथला दुसरीकडे उडी मारता येते. यूएसबी ३चा गोंगाट सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो, मग उडी मारून जाणार कुठे? त्यात डोंगल गोंगाटाच्या उगमाला चिकटलेला, आणि कंट्रोलरचा क्षीण सिग्नल दोन-अडीच मीटरवरून, पत्र्याचं कॅबिनेट ओलांडून येणार. बसणाऱ्याचे हात आणि मांडीही थोडा सिग्नल खातात, कारण शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. एरवी हे सगळं पचून जातं, पण गोंगाट वाढला की सिग्नल त्यात बुडतो.

उपाय अगदी स्वस्तातला निघाला. साधारण मीटरभर लांबीची साधी यूएसबी २ची एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी आणला. डिस्क जिथल्या तिथेच राहिली. त्यानंतर कॉपी चालू असतानाही फुली गोल फिरत राहिली. ज्यांच्या मदरबोर्डमध्येच ब्लूटूथ असतं, त्यांनी सोबत आलेले अँटेना मागे घट्ट बसवले आहेत का ते बघावं. अनेकांचे ते डब्यातच राहिलेले असतात. कन्सोलला बाहेरची डिस्क जोडली असेल तर ती त्याच्या डोक्यावर न ठेवता केबल पुरेल तितकी बाजूला ठेवावी.

आता बॅटरी. पडद्यावर बॅटरीच्या दोन कांड्या दिसतात म्हणून ती ठीक आहे असं होत नाही. जुन्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. शांतपणे खेळताना तिचं व्होल्टेज चांगलं दिसतं, पण व्हायब्रेशनच्या मोटरी फिरल्या की विजेची मागणी एकदम वाढते, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि कंट्रोलर बंद पडतो. हे तपासायला कंट्रोलर कॉम्प्युटरला किंवा कन्सोलला न जोडता साध्या पॉवर बँकेला जोडावा. त्यामुळे वीज बाहेरून मिळते आणि संदेश मात्र हवेतूनच जात राहतात. एवढ्याने त्रास थांबला तर दोष बॅटरीचा. तसाच राहिला तर बॅटरी सुटली, अडथळा शोधायचा. सेलवर चालणाऱ्या कंट्रोलरमध्ये ही परीक्षा आणखी सोपी. एकाच वेळी विकत घेतलेले दोन नवे सेल घालावेत, नवा-जुना अशी जोडी लावू नये, आणि आतल्या स्प्रिंगा सैल नाहीत ना तेही पाहावं. स्प्रिंग सैल असेल तर कंट्रोलर तळहातावर आपटला की बंद पडतो.

पेअरिंगच्या दोषामुळे सामन्याच्या मध्येच कनेक्शन तुटणं विरळा. पण दुसऱ्या कारणाने तुटलेलं कनेक्शन परत जुळू न देणं हे काम तो हमखास करतो. पेअरिंग म्हणजे कंट्रोलर आणि यंत्र यांनी एकमेकांची ओळख आणि एक गुप्त किल्ली जपून ठेवणं. प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर अशी एकच ओळख लक्षात ठेवतो. तो भावाने दुपारी मोबाइलला जोडला असेल, तर रात्री पीएस बटण दाबल्यावर मोबाइललाच हाका मारत राहतो. अशा वेळी ओळख दोन्ही बाजूंनी पुसावी. कन्सोल किंवा कॉम्प्युटरच्या यादीतून कंट्रोलर काढून टाकावा. मग प्लेस्टेशनच्या कंट्रोलरच्या पाठीवर जे बारीक भोक असतं, त्यात टाचणीने आतलं बटण पाचेक सेकंद दाबून धरावं. त्यानंतर केबलने कन्सोलला जोडून पीएस बटण दाबावं. केबल माहिती वाहणारी असावी. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलने बॅटरी भरते, पण ओळख होत नाही, आणि लोक उगाच कंट्रोलर बिघडला असं समजतात.

हे सगळं करूनही त्रास राहिला तर दोष कंट्रोलरच्या पोटात असू शकतो, आणि त्यावर घरी इलाज नसतो. मार्च २०१७मध्ये निंटेंडो स्विच बाजारात आल्यावर अनेकांचा डावा जॉय-कॉन सारखा डिस्कनेक्ट होऊ लागला. त्याच घरात, त्याच अंतरावर, उजवा मात्र नीट चालायचा. काही नगांच्या उत्पादनात फरक राहिल्याने वायरलेस अडथळा येतो, हे निंटेंडोने त्याच महिन्यात मान्य केलं. दुरुस्त होऊन आलेल्या जॉय-कॉनमध्ये अँटेनापाशी वीजवाहक फोमचा छोटा तुकडा बसवलेला आढळला. कितीही वेळा पेअरिंग केलं असतं तरी त्या तुकड्याची जागा भरून निघाली नसती.

म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी एक परीक्षा जरूर करावी. मित्राचा त्याच जातीचा कंट्रोलर आणून तो आपल्या जागी, आपल्या यंत्रावर चालवून बघावा, आणि आपला त्याच्या घरी. मित्राचाही आपल्याकडे तुटत असेल तर दोष खोलीत किंवा यंत्रात आहे. आपला दोन्ही घरी तुटत असेल तर कंट्रोलरमध्ये. काउंटरवर ‘मध्येच बंद पडतो’ एवढंच सांगितलं, तर तिथला माणूस तो जागेवर चालू करून बघतो आणि ठीक आहे म्हणून परत देतो. ‘पॉवर बँक लावूनही तुटतो, दुसऱ्या घरीही तुटतो, तुटताना दिवा चालू राहतो’ असं सांगितलं, तर कंट्रोलर उघडून अँटेना तपासण्याशिवाय त्याच्यापुढे फारसा पर्याय उरत नाही.