पूर्वग्रह व भेदभाव. अल्पसंख्याक गट व वांशिक गट

समाजशास्त्राच्या लघुत्तरी प्रश्नांत या दोन जोड्यांमधील फरक वारंवार विचारला जातो.

पूर्वग्रह म्हणजे एखाद्या गटाविषयी पुरेशा अनुभवाविना आधीच बनलेले, बहुधा प्रतिकूल मत; ते मनात असते. भेदभाव ही कृती होय: केवळ त्या गटातील म्हणून व्यक्तीला घर, नोकरी किंवा प्रवेश नाकारणे. पूर्वग्रहाची परिणती भेदभावात होतेच, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांची पाहणी मात्र वेगळेच सांगते. अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड तिटकारा होता, त्या काळात त्यांनी एका चिनी दांपत्यासह देशभर प्रवास केला. एकूण 251 हॉटेले, उपाहारगृहे व तत्सम ठिकाणी ते गेले. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सुमारे सहा महिन्यांनी ‘चिनी ग्राहकांना प्रवेश द्याल का?’ असे त्यांनी त्याच ठिकाणी पत्राने विचारले. उत्तर पाठवणाऱ्या 128 जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटले. ही पाहणी 1934 मध्ये प्रसिद्ध झाली. दारात आलेल्या नीटनेटक्या, हसतमुख ग्राहकाला नकार देणे जड जाते. कागदावर ते सोपे असते. अर्थात पत्राला उत्तर देणारी व्यक्ती प्रत्यक्ष स्वागत करणारीच होती असे नाही, ही या पाहणीची मर्यादा होय. उलट, मनात आकस नसतानाही ग्राहक तुटतील या भीतीने एखादा दुकानदार भेदभाव करू शकतो.

दुसऱ्या जोडीत घोटाळा शब्दांमुळेच होतो. मराठीत ‘वांशिक’ हे विशेषण शारीरिक वंशालाही लावतात; येथे मात्र वांशिक गट म्हणजे समान पूर्वज, भाषा, चालीरीती व इतिहास यांमुळे स्वतःला एक मानणारा समूह. अल्पसंख्याक गट ही संज्ञा समाजशास्त्रात सत्तेशी निगडित आहे: वेगळेपणामुळे ज्याला असमान वागणूक मिळते तो गट. संख्या येथे निर्णायक नाही.

वर्णभेदकालीन दक्षिण आफ्रिकेत (1948–1994) कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, तरी मतदान, जमीन, वास्तव्य यांवरील निर्बंधांमुळे या अर्थाने ते अल्पसंख्याक ठरतात. त्यांच्यात झुलू, खोसा, सोथो असे अनेक वांशिक गट होते. मुख्यतः डच वसाहतकऱ्यांचे वंशज असलेले, आफ्रिकान्स बोलणारे आफ्रिकानर हाही वांशिक गटच. तो संख्येने लहान, पण राज्यकर्ता असल्याने समाजशास्त्रीय अर्थाने अल्पसंख्याक नव्हे.

भारतीय कायद्यातील अर्थ निराळा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 30 मध्ये धर्म व भाषा या आधारांवर अल्पसंख्याकांचा उल्लेख आहे. या अनुच्छेदासाठी राज्य हे एकक धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात म्हटले. म्हणून मराठी भाषक महाराष्ट्रात बहुसंख्य, तर कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक असतात. उत्तर लिहिताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते प्रश्नपत्रिकेच्या विषयावरून ठरवावे लागते.