टॅमॉक्सिफेन चालू असताना गरम वाफा: कुठली गोळी चालते?

समजा, स्तनाच्या कॅन्सरनंतर ३६ वर्षांची एक बाई टॅमॉक्सिफेन घेतेय. रात्री अंगातून गरम वाफा निघतात, घामाने गाऊन भिजतो, झोप मोडते. इस्ट्रोजेनच्या गोळ्या तिला देत नाहीत, कारण कॅन्सर परतायचा धोका वाढतो. मग नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये वापरतात. गोची इथेच आहे. टॅमॉक्सिफेनपासून एंडॉक्सिफेन हे जास्त प्रभावी रूप बनायला यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम लागतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन नेमकं तेच अडवतात. वाफा कमी होतात, पण एंडॉक्सिफेनही घटतं, आणि ते तिला जाणवतसुद्धा नाही. व्हेन्लाफॅक्सिन या एन्झाइमला फारसं अडवत नाही, म्हणून सहसा ३७.५ मिलिग्रॅमपासून ते सुरू करतात. ते एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ होते. हळूहळू कमी करायचं. आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी टॅमॉक्सिफेन चालू आहे, हे आधी सांगा.